दोन चेंडूंच्या भेटीच्या गणितातून g कुठे गेला?

गणित दिसायला साधं होतं. ६० मीटर उंचीवरून एक चेंडू नुसता सोडला. त्याच क्षणी, बरोबर त्याच्या खाली, जमिनीवरून दुसरा चेंडू सेकंदाला २५ मीटर वेगाने सरळ वर फेकला. दोघे कधी भेटतील आणि किती उंचीवर?

सोडवायला बसलो तेव्हा आधी चिन्हं पक्की केली. जमीन शून्य, वरची दिशा धन, आणि दोन्ही चेंडूंना हीच एक मोजपट्टी. वरच्याचं अंतर वरून खाली, खालच्याचं खालून वर, असंही मोजता येतं; पण खालचा चेंडू माथ्यावरून परत फिरला असेल, तर त्याने कापलेलं अंतर एक आणि जमिनीपासूनची उंची दुसरी, आणि तिथे घोळ होतो. उंचीच लिहिली की ती भानगड उरत नाही. y1 वरच्या चेंडूची उंची, y2 खालच्याची, h वरच्याची सुरुवातीची उंची, u खालच्याचा फेकीचा वेग, t वेळ आणि g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण:

```
y1 = h - ½gt²
y2 = ut - ½gt²
```

भेट म्हणजे दोन्ही उंची सारख्या. समीकरणं समोरासमोर ठेवली आणि ½gt² दोन्हीकडून उडाला. उरलं h = ut, म्हणजे t = h/u. ६० भागिले २५, २.४ सेकंद. वर्गसमीकरण सोडवायची तयारी करून बसलेल्या माणसाला एका भागाकारात उत्तर मिळालं की संशय येतोच. पडण्याच्या गणितात गुरुत्वाकर्षणच नाही, हे कसं?

उत्तर सापेक्ष वेगात मिळालं. गुरुत्वाकर्षण दोघांनाही सारखंच खाली ओढतं, दर सेकंदाला दोघांच्याही वेगात खालच्या दिशेने ९.८ ची तीच भर घालतं. त्यामुळे त्यांच्या वेगांमधला फरक बदलतच नाही. सुरुवातीला तो २५ होता, शेवटपर्यंत २५ च राहतो. वरच्या चेंडूवर बसून पाहिलं तर खालचा एकसमान वेगाने जवळ येताना दिसेल. पडताळा घेतला: २.४ सेकंदांनी वरचा २३.५ वेगाने खाली येतोय आणि खालचा जेमतेम १.५ वेगाने वर चाललाय. बेरीज २५.

मात्र ‘कुठे’ या प्रश्नात g ठाण मांडून बसलेला असतो. २.४ सेकंदांत वरचा चेंडू ४.९ गुणिले ५.७६, म्हणजे सुमारे २८.२ मीटर पडतो. भेट जमिनीपासून ३१.८ मीटरवर. खालच्या चेंडूच्या सूत्रातही २.४ घालून पाहिलं, तीच उंची आली. हा पडताळा मी सोडत नाही, चिन्ह चुकलं असेल तर इथेच कळतं.

मग वेग कमी करून पाहिला, आणि खरी गंमत तिथे होती. २० ने फेकला तर भेट ३ सेकंदांनी, १५.९ मीटरवर. पण तोवर खालच्या चेंडूचा वेग उणे ९.४ झालेला असतो. तो माथा गाठून परत खाली निघालेला आहे आणि वरचा त्याला मागून गाठतो. १५ ने फेकला तर सूत्र बिनदिक्कत ४ सेकंद सांगतं, आणि उंची येते उणे १८.४ मीटर, म्हणजे जमिनीखाली! प्रत्यक्षात खालचा चेंडू ३.१ सेकंदांतच जमिनीवर परत आलेला असतो आणि वरचा ३.५ सेकंदांनी आपटतो. हवेत भेट होतच नाही. सूत्राला जमीन ठाऊक नसते, ती अट आपणच घालायची.

ती अट अशी: h/u हा वेळ खालच्या चेंडूच्या एकूण उड्डाणकाळापेक्षा, म्हणजे 2u/g पेक्षा, कमी हवा. यातून u² > gh/2 मिळतं. ६० मीटरसाठी ही सीमा साधारण १७.१५. दुसरी सीमा u² = gh, म्हणजे सुमारे २४.२५, तेव्हा भेट खालच्या चेंडूच्या माथ्यावर, बरोबर निम्म्या उंचीवर होते. त्याहून जास्त वेग असेल तर वर जाताना, कमी असेल तर खाली येताना. आता कुठलंही उदाहरण आलं की मी आधी या दोन सीमा काढतो.

हे सगळं ‘त्याच क्षणी’ या शब्दांवर उभं आहे, शिवाय हवेचा विरोध नाही असं धरलंय. फेकणाऱ्याला अर्धा सेकंद उशीर झाला तर? तोवर वरचा १.२ मीटर खाली आलेला असतो आणि त्याला ४.९ चा वेग मिळालेला असतो. उरलेलं अंतर ५८.८, जवळ येण्याचा वेग २९.९. फेकल्यापासून १.९७ सेकंदांनी भेट, उंची ३०.२ मीटर. पद्धत तीच, फक्त g आता वेळेच्या उत्तरातही शिरतो.