आकृती हरवलेले प्रश्न : नोंद सातवी, एका रिबची गोष्ट

जुन्या डिप्लोमा प्रश्नपत्रिकांच्या स्कॅन केलेल्या प्रतींमध्ये ज्या प्रश्नांची आकृतीच निघून गेली आहे, असे प्रश्न मी गेले काही महिने वेगळे काढून ठेवत आहे. ‘दिलेल्या फ्रंट व्ह्यू आणि टॉप व्ह्यूवरून डाव्या बाजूचा साइड व्ह्यू ओळखा’ एवढे वाक्य शिल्लक असते, खाली चार पर्याय असतात, आणि ज्या दोन व्ह्यूंवरून उत्तर काढायचे, तिथे पांढरी जागा असते. सुरुवातीला असे प्रश्न मी सोडून देत असे. आता मात्र आकृती असलेल्या प्रश्नांपेक्षा हेच मला अधिक रंजक वाटू लागले आहेत, कारण त्यांत साइड व्ह्यूकडून उलट मागे चालत जावे लागते. या नोंदीत एकाच प्रश्नाची हकीकत आहे. त्याने माझ्या चार संध्याकाळी घेतल्या.

हाती होते ते असे. प्रश्नाच्या वाक्यात ‘रिब असलेला ब्रॅकेट’ असे शब्द होते, एकवचनी. रिब म्हणजे कोनाच्या आत आधाराला दिलेली त्रिकोणी पट्टी. आकृती गेली होती, पण स्कॅनिंगच्या वेळी मजकूर ओळखणाऱ्या यंत्रणेने आकृतीतले आकडे तेवढे उचलून एका ओळीत टाकले होते : ८०, ५०, ४०, ३५, २०, १५, १०. कोणता आकडा कुठला, याचा पत्ता नाही. खाली चारही पर्याय शाबूत होते आणि प्रत्येकाची बाह्यरेषा ५० मिमी खोलीची व ४० मिमी उंचीची होती. मागे २० मिमी जाडीची उभी प्लेट, खाली १५ मिमी जाडीचा पाया, आणि प्लेटच्या पुढच्या वरच्या कडेपासून पायाच्या पुढच्या वरच्या कडेपर्यंत उतरत येणारी तिरपी रेषा, असे तिघांचे स्वरूप होते. फरक इतकाच होता की प्लेटची पुढची उभी कड आणि पायाची वरची आडवी कड, म्हणजे तिरप्या रेषेच्या आतल्या बाजूला येणाऱ्या दोन रेषा, (अ) मध्ये सलग होत्या, (ब) मध्ये तुटक होत्या आणि (क) मध्ये नव्हत्याच. (ड) हा (अ) चे आरशातले प्रतिबिंब होता.

पहिल्या संध्याकाळी मी चुकीच्या ठिकाणी अडकलो. प्रोजेक्शनची खूण, म्हणजे तो छाटलेला शंकू, आकृतीबरोबरच गेली असल्यामुळे फर्स्ट अँगल की थर्ड अँगल हे कळत नाही आणि म्हणून (अ) की (ड) हे ठरवता येत नाही, असे मी वहीत लिहून ठेवले होते. हे चूक आहे. डावीकडून पाहिल्यावर जे दिसते ते दोन्ही पद्धतींत तेच असते. बदलते ती फक्त ते दृश्य कागदावर मांडण्याची जागा. एसपी ४६ या भारतीय ड्रॉइंग-मानकाप्रमाणे आपल्याकडे शिकवल्या जाणाऱ्या फर्स्ट अँगलमध्ये डावा व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या उजवीकडे बसतो, थर्ड अँगलमध्ये डावीकडे. डावीकडे उभे राहून पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला वस्तूची पुढची बाजू येते, हे पद्धतीवर अवलंबून नाही. तेव्हा पर्याय एकेकटे छापलेले असताना खूण असली काय आणि नसली काय, काही बिघडत नाही. ते पान मी खोडून टाकले नाही. चुकीची नोंदही वहीत राहिलेली बरी.

दुसऱ्या संध्याकाळी खरा मुद्दा हाती लागला. (अ), (ब) आणि (क) हे तिन्ही व्ह्यू बरोबर आहेत. ते तीन वेगवेगळ्या वस्तूंचे आहेत. हे कागदावर पटेना, म्हणून माउंटबोर्डाचा एक एल आकाराचा कोन फेविकॉलने चिकटवून केला आणि एक त्रिकोणी तुकडा न चिकटवता रिब म्हणून त्यात मोकळा ठेवला. मग मॉडेल टेबलाच्या कडेला ठेवून, एक डोळा मिटून, सहासात फूट लांबून डावीकडून पाहिले. (जवळून पाहिल्यास दूरची टोके आत झुकलेली दिसतात आणि कडा एकमेकींवर बसत नाहीत, हा धडा आधीच्या नोंदीत आला आहे.) रिब मध्यभागी असताना प्लेटचे आणि पायाचे डावे टोक डोळ्याच्या अधिक जवळ असते आणि त्रिकोण त्यांच्या मागे, आत, असतो. त्यामुळे प्लेटची पुढची कड आणि पायाची वरची कड त्रिकोणापुढे स्पष्ट दिसतात : दोन्ही रेषा सलग. आता रिब सरकवत डाव्या टोकाशी आणली आणि तिचा चेहरा प्लेटच्या टोकाशी एका पातळीत आला, की त्या दोन्ही कडा नाहीशा होतात, कारण तिघांचा मिळून एकच सपाट पृष्ठभाग होतो. पण रिबच्या पलीकडे प्लेट आणि पाया यांच्यामधली मोकळी जागा अजून आहेच, म्हणून त्याच कडा तिथे लपलेल्या कडा म्हणून, तुटक रेषांनी, दाखवाव्या लागतात. आणि रिब पूर्ण रुंदीभर असली, म्हणजे ती रिब न राहता घन उतारच झाली, तर मागे लपण्यासारखेही काही उरत नाही आणि दोन्ही रेषा जातात.

साइड व्ह्यूमध्ये रुंदी दिसत नाही, हे आपण पहिल्या वर्षापासून घोकलेले असते. रुंदीचे माप दिसत नाही हे खरे, पण रुंदीतला क्रम, म्हणजे काय अलीकडे आणि काय पलीकडे, हे रेषेच्या सलग किंवा तुटक असण्यात उमटलेले असते. मला हे इतक्या वर्षांनी माउंटबोर्डाचा तुकडा सरकवताना कळले.

यावरून तिन्ही पर्याय सयुक्तिक ठरतात आणि नुसत्या पर्यायांकडे पाहून उत्तर सांगता येणार नाही, हेही ठरते. मग तिसऱ्या संध्याकाळी आकड्यांची ओळ घेतली. साइड व्ह्यूमध्ये उंची आणि खोली दोन्ही येतात. वस्तूवर एखाद्या विशिष्ट उंचीला किंवा खोलीला आडवी-उभी कड असेल, तर ती साइड व्ह्यूमध्ये सलग, तुटक किंवा दुसऱ्या रेषेखाली झाकलेली अशी कुठेतरी असलीच पाहिजे. चारही पर्यायांत फक्त ५०, ४०, २०, १५ आणि त्यांच्या वजाबाक्या, म्हणजे ३० आणि २५, एवढीच मापे बसतात. ३५ उंचीला रेषा नाही, ३५ खोलीला नाही, १० ला तर कुठेच नाही. तिरप्या रेषेचे माप ३५ असेल का, हेही तपासले : ३० आणि २५ या बाजूंचा कर्ण सुमारे ३९ मिमी येतो, तेव्हा तेही नाही. म्हणजे ८०, ३५ आणि १० हे तिन्ही आकडे रुंदीचेच. हरवलेल्या आकृतीतून रुंदी वेगळी निघाली, तीही मोजपट्टी न लावता.

८० ही एकूण रुंदी, हे उघड आहे. उरलेल्या ३५ आणि १० मधून रिबची जागा ठरायची. रिब डाव्या किंवा उजव्या टोकाला चिकटून असती, तर तिची जाडी सांगितली की काम भागले असते. दुसऱ्या आकड्याला करण्यासारखे काहीच उरले नसते, आणि चांगला ड्राफ्ट्समन कामाशिवाय माप लिहीत नाही. तेव्हा एका आकड्याने टोकापासूनचे अंतर सांगितले आहे आणि दुसऱ्याने जाडी. वस्तू पूर्ण रुंदीच्या उताराची असती, तर दोन्ही आकडे अनावश्यक ठरले असते. म्हणून (ब) आणि (क) गळतात.

इथे एक गंमत आहे. ३५ अंतर आणि १० जाडी घेतली, तर पलीकडेही ३५ उरतात आणि रिब नेमकी मध्यावर येते. उलट १० अंतर आणि ३५ जाडी घेतली, तरीही पलीकडे ३५ च उरतात. फक्त रिब जाड आणि एका बाजूला सरकलेली होते. ८० मिमीच्या ब्रॅकेटला १० मिमीची, बरोबर मध्यावरची रिब हीच सुताराला, लोहाराला आणि परीक्षकाला सुचणारी गोष्ट आहे, पण हा अंदाज झाला, सिद्धता नव्हे. सुदैवाने सिद्धतेची गरज पडत नाही, कारण दोन्ही वस्तूंचा डावा व्ह्यू अगदी एकच आहे. वस्तू कोणती हे पक्के न कळताही उत्तर पक्के कळते, असा हा माझ्या संग्रहातला पहिलाच प्रश्न.

(ड) बद्दल मात्र माझे म्हणणे तितके बळकट नाही. उभी प्लेट पुढे आणि पाया मागे गेलेला अशी वस्तू मांडली, तर तिचा डावा व्ह्यू (ड) असाच येईल, आणि आकड्यांवरून त्याला हरकत घेता येत नाही. एवढेच म्हणता येते की तशा मांडणीत फ्रंट व्ह्यू म्हणजे ८० बाय ४० चा कोरा चौकोन आणि त्यात तीन तुटक रेषा असा झाला असता. फ्रंट व्ह्यू निवडताना जास्तीत जास्त आकार दिसावा आणि लपलेल्या रेषा कमीत कमी असाव्यात हा संकेत सगळेच पाळतात, म्हणून प्लेट मागे धरून मी (अ) लिहिले.

चौथ्या संध्याकाळी हरवलेले दोन्ही व्ह्यू ए३ कागदावर पूर्ण मापात काढले. फ्रंट व्ह्यू ८० बाय ४०, त्यात खालून १५ वर पूर्ण रुंदीची आडवी रेषा आणि तिच्यावर ३५ व ४५ वर दोन उभ्या रेषा. टॉप व्ह्यू ८० बाय ५०, त्यात एक्सवाय रेषेकडच्या कडेपासून २० वर आडवी रेषा आणि तिच्याखाली त्याच दोन उभ्या रेषा. मग ४५ अंशांच्या मायटर लाइनवरून उजवीकडे साइड व्ह्यू उतरवला, आणि (अ) बरोबर जुळला.

जुळला खरा, पण कागदाकडे पाहताना एक कुसळ डोळ्यात राहिले. या फ्रंट आणि टॉप व्ह्यूमध्ये रिबचा पुढचा उतार कुठेच दिसत नाही. दोन्हीकडे ती नुसती आयताकृती पट्टी आहे. रिबची पुढची कड सरळ न घेता किंचित आत वळलेल्या कमानीची घेतली, तरी हे दोन्ही व्ह्यू एका रेषेनेही बदलत नाहीत. म्हणजे मूळ प्रश्नपत्रिकेत आकृती जागेवर असती, तरीही विद्यार्थ्याला उतार सरळ आहे हे पर्यायांवरूनच कळले असते. हरवलेले व्ह्यू जे सांगू शकले नसते, ते उरलेल्या पर्यायांनी सांगितले होते. माउंटबोर्डाची दुसरी, कमानीची रिब कापून ठेवली आहे. फेविकॉल वाळायचा आहे.