‘कायद्यानुसार’ या एका ओळीत रजा का मावत नाही

“‘प्रसूती रजा कायद्यानुसार मिळेल’ एवढे एक वाक्य पुरेसे असताना तुम्ही रजेवर पानेच्या पाने का लिहिता?”

लहान आणि मध्यम कंपन्यांसाठी सेवाशर्ती लिहून देण्याचे काम मी करते, आणि हा आक्षेप बहुतेक वेळा मालकांकडून नव्हे, तर मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्यांकडून येतो. त्यांचे म्हणणे मला पूर्ण चुकीचे वाटत नाही, कारण लांबलचक धोरण कोणी वाचत नाही हे खरे आहे. एके काळी मीही हेच म्हणत असे. माझे मत ज्या प्रसंगाने हलले, तो सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

एका कंपनीतील कर्मचारी स्त्रीचा पाचव्या महिन्यात गर्भपात झाला. कंपनीच्या धोरणात प्रसूती रजा, गर्भपात आणि ‘तत्सम प्रसंगी’ कायद्यानुसार रजा मिळेल, असे एक वाक्य होते. तिच्या विभागप्रमुखाने ते वाचले, पण त्यातून किती दिवस आणि कोणत्या खात्यातून, हे त्याला कळेना. त्याने तिला सहानुभूतीने आणि प्रामाणिकपणे सांगितले, की आजारपणाची रजा टाक, ती संपली तर अर्जित रजा टाक, आणि तीही संपली तर बिनपगारी रजा मंजूर करून देतो. तिने तसेच केले, शिल्लक रजा संपल्यावर पगार कापला जाऊ नये म्हणून ती दोन आठवड्यांच्या आतच कामावर परतली, आणि कोणालाही काही वावगे वाटले नाही.

कायदा तिला काय देत होता? सव्विसाव्या आठवड्यापर्यंत गर्भपात झाला, तर त्या दिवसाच्या लगतच्या पुढील दिवसापासून सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस, पगारी रजा. तिची आजारपणाची रजा त्यातून वजा होण्याचा प्रश्नच नव्हता. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात ही तरतूद होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. काही महिन्यांनी रजेच्या नोंदी तपासताना ही गोष्ट माझ्या लक्षात आली, तेव्हा कंपनीने तिची वापरलेली रजा खात्यात परत जमा केली. मात्र ही सहा आठवड्यांची रजा गर्भपाताच्या ‘लगत’ घ्यायची असते. ती साठत नाही आणि पुढे नेता येत नाही. पगाराची चूक पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात दुरुस्त होते, पण ज्या दिवसांत ती घरी असायला हवी होती आणि कार्यालयात बसून होती, ते दिवस दुरुस्त होत नाहीत. त्या कंपनीत कायदा मोडायची इच्छा कोणाचीही नव्हती. धोरणानेच विभागप्रमुखाला काही सांगितले नव्हते.

म्हणून मी आता या घटनेला स्वतंत्र परिच्छेद देते आणि त्यात दिवस, सुरुवातीची तारीख, लागणारे प्रमाणपत्र आणि ‘ही रजा आजारपणाच्या किंवा अर्जित रजेतून वजा होणार नाही’ हे वाक्य स्पष्ट लिहिते. त्याच्याच शेजारी आणखी एक वाक्य असते, आणि ते काढून टाकण्याचा आग्रह मला सर्वांत जास्त वेळा होतो. सव्विसाव्या आठवड्यानंतर मूल मृत जन्मले, तर कायद्याच्या दृष्टीने ती प्रसूतीच असते, कारण कायद्याच्या व्याख्येत ‘मूल’ या शब्दात मृत जन्मलेले मूलही येते. म्हणून त्या स्त्रीला प्रसूतीची संपूर्ण रजा मिळते. हे वाक्य वाचताना त्रास होतो, हे मला मान्य आहे. पण ते नसेल, तर त्या आठवड्यात तो निर्णय कोणीतरी अंदाजाने घेणार.

प्रसूतीच्या रजेच्या बाबतीतही ‘२६ आठवडे’ एवढ्याने भागत नाही. आठवड्यात रविवार धरायचा की नाही, हा वाद १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि आठवडा सलग सात दिवसांचा धरावा असा निर्णय झाला. म्हणून मी ‘सलग १८२ दिवस, साप्ताहिक सुट्या आणि सण धरून’ असे लिहिते आणि खाली तारखांचे उदाहरण देते. समजा, डॉक्टरांनी दिलेली अपेक्षित तारीख १० जून आहे आणि आधीचे पूर्ण आठ आठवडे घ्यायचे आहेत, तर रजा १५ एप्रिलला सुरू होते, १३ ऑक्टोबरला संपते, आणि १४ ऑक्टोबरला कामावर यायचे असते. प्रसूती नऊ दिवस लांबून १९ जूनला झाली, तरी शेवटचा दिवस १३ ऑक्टोबरच राहतो, म्हणजे हे नऊ दिवस प्रसूतीनंतरच्या भागातून जातात. हे उदाहरण नसेल, तर काही जण प्रसूतीच्या प्रत्यक्ष तारखेपासून १८ आठवडे मोजतात आणि वाद तिथून सुरू होतो. प्रसूतीमुळे आजारपण आले, तर मिळणारी जास्तीत जास्त एक महिन्याची रजा वेगळी असते, आणि तीही आजारपणाच्या रजेतून कापायची नसते.

‘तिसऱ्या अपत्यासाठी १२ आठवडे’ हे वाक्य तर मी प्रत्येक जुन्या धोरणातून काढते. कायदा दोन किंवा अधिक ‘हयात’ अपत्ये मोजतो. पहिल्या वेळी जुळी झालेल्या आईला दुसऱ्या प्रसूतीलाच १२ आठवडे मिळतात.

पितृत्व रजेची अडचण उलटी आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असताना १५ दिवसांची रजा नियमाने मिळते आणि ती प्रसूतीपासून सहा महिन्यांच्या आत घेता येते. खासगी कंपनीतील पुरुषाला असा कायद्याचा आधार नाही, त्यामुळे तिथे ‘कायद्यानुसार’ लिहिणे म्हणजे काहीच न देणे होय. दिवस कामाचे की सलग, तुकड्यांत घेता येतील का, कोणत्या मुदतीत घ्यायचे, आणि मूल मृत जन्मल्यास वडिलांना ती मिळेल का, हे कंपनीनेच लिहायला हवे. आजारपणाच्या रजेचेही काहीसे तसेच आहे: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवसांची किरकोळ रजा आहे, आजारपणाची स्वतंत्र रजा नाही. ती कंपनीची देणगी असेल, तर तिच्या अटी कंपनीच्याच शब्दांत असाव्यात, आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत येत असेल, तर योजनेचा आजारपणाचा लाभ आणि कंपनीची रजा एकमेकांशी कशी जुळतात, हेही सांगावे.

हे सगळे लिहूनही एक गोष्ट माझ्या मनात सुटलेली नाही. गर्भपाताच्या रजेचे प्रमाणपत्र कोणाकडे द्यायचे, हा तो प्रश्न आहे. मोठ्या कंपनीत मी लिहिते की ते फक्त मनुष्यबळ विभागाकडे जाईल आणि विभागप्रमुखाला ‘मंजूर रजा, ४२ दिवस’ एवढेच कळवले जाईल. पण पंधरा माणसांच्या कार्यालयात मनुष्यबळ विभाग म्हणजे मालकाची बहीण असते, आणि ४२ हा आकडा ज्या परिच्छेदात आहे तो सर्वांनी वाचलेला असतो. मी त्याला जितके स्पष्ट लिहिते, तितके त्या स्त्रीचे गुपित उघडे पडते. ‘वैद्यकीय कारणास्तव विशेष रजा’ असे नाव देऊन पाहिले, तेव्हा दोन ठिकाणी कर्मचाऱ्यांनी विचारले की ही रजा नक्की कशासाठी, आणि मी परत मूळ शब्दांवर आले. सध्या रजेच्या नोंदीत वेगळे नाव आणि धोरणात मूळ नाव, असा मार्ग मी काढते आहे, आणि लहान कार्यालयात तो किती टिकेल, याची मला खात्री नाही.