सोमवार, बुधवार, शुक्रवार

गुरुवार, सकाळचे साडेसात

आज मित्राला निरोप पाठवायचा वार. त्याचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार असतं. औशाहून सकाळच्या एसटीनं लातूर, चार तास मशीनवर, मग परत गाव. त्याला काय लिहायचं यापेक्षा कधी लिहायचं, हे आधी या तीन वारांवरून ठरवावं लागतं. दोन दिवस अंगात साचलेलं पाणी मशीन चार तासांत ओढून काढतं. त्यात रक्तदाब उतरतो, पोटऱ्यांत गोळे येतात, घरी आल्यावर माणूस नुसता पडून राहतो. त्या संध्याकाळी 'कसं वाटायलंय?' विचारणं म्हणजे औत सोडल्या सोडल्या बैल पुन्हा जुंपणं. रविवारची संध्याकाळही जडच. शुक्रवारनंतर मधे दोन दिवस मोकळे जातात, त्यामुळं पाणी जास्त साचतं, पाय सुजतात, दम लागतो. मंगळवार आणि गुरुवारची सकाळ त्यातल्या त्यात बरी.

आजचा मजकूर:

'काय गड्या, सोयाबीन आता विकावं का थांबावं, तुझं काय म्हणणं? उद्या दोनला सेंटरखाली मोटारसायकल नाही, चारचाकी घेऊन थांबतो, औशापर्यंत सोडतो. नको असलं तर नुसतं नको लिही. बाकी उत्तराची घाई नाही.'

पहिल्या खर्ड्यात 'लवकर बरा हो' होतं, ते खोडलं. किडन्या कायमच्या निकामी झाल्यावर डायलिसिस थांबत नाही, किडनी बदलली तरच सुटतं. हे त्याला आपल्याहून चांगलं ठाऊक आहे. 'लवकर' वाचलं की समोरच्याला काही कळलेलंच नाही, एवढंच त्याला समजतं. 'डॉक्टर काय म्हणाले?' तेही खोडलं. हा प्रश्न दिवसातून चार जण विचारतात आणि त्याला क्रिएटिनिनचे आकडे पाढ्यासारखे म्हणून दाखवावे लागतात. 'काही लागलं तर सांग' दिसायला प्रेमळ, पण त्यात काम त्याच्याच गळ्यात पडतं: काय लागेल ते आठवा, कुणाला जमेल ते हेरा, मग तोंड वेंगाडा. त्याऐवजी वार, वेळ, वाहन असं सगळं ठरवून पुढं ठेवलं की त्याला फक्त एक शब्द लिहायचा उरतो. चारचाकी एवढ्यासाठी की मशीनवरून उठल्यावर चक्कर येते. मोटारसायकलवर मागं बसून वीसेक किलोमीटर जाणं धोक्याचं.

सोयाबीनचा प्रश्न उगाच नाही. भावातलं त्याला कळतं, आडतीवर लोक त्यालाच विचारायचे. आजारपणात माणसाला सगळे सांगायलाच लागतात, विचारत कुणी नाही.

भेटीला जाताना आपल्याकडं शहाळं नाहीतर केळी, मोसंबी न्यायची रीत. इथं नेमकी तीच अडचणीची. त्यांच्यातलं पोटॅशियम निकामी किडनी बाहेर टाकू शकत नाही, ते रक्तात वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. मग घरच्यांना पाहुण्यासमोर पिशवी ठेवून घ्यावी लागते आणि नंतर शेजारी वाटावी लागते. रिकाम्या हातानं गेलेलं बरं. चहाचंही तसंच. त्याचं दिवसाचं पाणी मोजलेलं असतं, चहा त्याच मापातून जातो. 'घे रे अर्धा कप, काय होतंय' असा आग्रह म्हणजे रात्रीच्या गोळीपुरतं ठेवलेलं पाणी आपण संपवणं. एप्रिल-मेच्या लातुरी उन्हात तर त्याच्यासमोर गटागटा तांब्या रिकामा करू नये, एवढं भान पुरे. काय खावं, काय नको, हे आपण सांगायचं नाही; ते सांगणारी माणसं त्याच्याकडं आहेत. आणि फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर धमनीला जोडलेल्या हाताला धरून ओढायचं नाही, त्यावर पिशवी अडकवायची नाही. सुया त्याच हाताला लागतात, दाबानं तिथलं रक्त गोठलं तर मशीनला जोडायची वाटच बंद होते.

सुरुवातीच्या महिन्यात फोनवर फोन येतात. तिसऱ्या महिन्यापासून शुकशुकाट. प्रेम आटतं म्हणून नव्हे, नवीन विचारायला काही उरत नाही म्हणून. त्याची तब्येत हाच विषय धरला तर तो संपणारच. म्हणून रोजचं ठरवू नये. आठवड्यात एक, पण वर्षानुवर्षं जमेल तेवढंच. फोनमध्ये गुरुवारची आठवण लावलेली आहे. एखादा गुरुवार हुकला तर माफीचा लांब मजकूर लिहायचा नाही, नाहीतर आपली समजूत घालायचं कामही त्यालाच. पुढच्या गुरुवारी नेहमीसारखं लिहायचं. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही, तर 'वाचलंस ना?' विचारायचं नाही.

रात्री

'नको. मेव्हणा येतोय. सोयाबीन थांबव.'

उत्तर: 'बरं.' पुढच्या गुरुवारी पुन्हा तोच वार, तीच वेळ, तीच गाडी विचारायची. एकदाचा नकार त्या शुक्रवारपुरताच.