बॅटरी वापरलीच नाही, तरी गेली : माझा अनुभव

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीवाल्यांना पॅटर्नची ड्रॉइंगं करून देतो, म्हणजे सकाळी साडेनऊला लॅपटॉप टेबलावर उघडायचा, पिन खुपसायची आणि संध्याकाळी सातला बंद करायचा. चार्जर कधी काढला तर लाईट गेली म्हणूनच. जून २०२२ ला घेतलेला लॅपटॉप, आणि मला वाटायचं की मी बॅटरीला किती जपतोय बघा, वापरतच नाही तर खराब कशानं होईल!

यंदा एप्रिलमध्ये टचपॅडचा क्लिक घट्ट लागायला लागला. मला वाटलं कचरा बसला असेल, फुंकर मारून बघितली. आठवड्याभरात टचपॅडची एक कड वर आली आणि लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगायला लागला. राजारामपुरीत एक रिपेअरवाला ओळखीचा आहे, त्याच्याकडे नेला तर त्यानं खालचं झाकण उघडायच्या आधीच सांगितलं, "भावा, बॅटरी फुगलीया. चार्जिंगला लावू नकोस आता." उघडल्यावर दिसलंच, चपटे सेल उशीगत फुगलेले. त्यानं ते न टोचता, न दाबता अलगद काढले आणि वाळूच्या बादलीत ठेवले. तुमचा टचपॅड असा वर आला असेल तर घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन उचकटायला जाऊ नका, सेलला भोक पडलं तर पेट घेतो तो.

बॅटरी काढल्यावर फक्त चार्जरवर लॅपटॉप चालू झाला, तेवढ्यात मला बॅटरीचा रिपोर्ट आठवला, जो मी डुगडुगण्याच्या सुरुवातीला काढला होता. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाकायचं:

```
powercfg /batteryreport
```

battery-report.html नावाची फाइल तयार होते आणि ती कुठं ठेवली तेही तिथंच लिहून येतं. त्यात माझं होतं DESIGN CAPACITY, म्हणजे नवीन असतानाची क्षमता, ५६,०२० mWh आणि FULL CHARGE CAPACITY, म्हणजे आता पूर्ण भरल्यावर मावते ती, ३९,१८० mWh, म्हणजे ७० टक्के उरली. आणि CYCLE COUNT किती? ६१. तीन वर्षांत ६१! (एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के चार्ज खर्च होणं, दोनदा अर्धी वापरली तरी एकच धरतात.) माझ्या भाच्याचा लॅपटॉप त्याच वर्षीचा, कंपनी वेगळी, तो पॉलिटेक्निकला दिवसभर बॅटरीवर वापरतो. त्याचा रिपोर्ट काढला तर ४८० सायकल आणि ८४ टक्के. मी जपलेली गेली, त्यानं पिळलेली शाबूत. दोन लॅपटॉपवरून सगळं सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, पण डोकं चक्रावलं.

रिपेअरवाल्याला विचारलं, "दादा, ओव्हरचार्ज झाली काय ही?" तो म्हणाला, "न्हाय रे, ओव्हरचार्ज होतच न्हाय. शंभरला आतलं सर्किट बंद करतंय." आणि ते खरं आहे. पूर्ण भरल्यावर बॅटरीत करंट जात नाही, लॅपटॉप थेट चार्जरवर चालतो, आणि बॅटरी आपोआप थोडी उतरून साधारण ९५ च्या आसपास आली की मगच परत भरते. म्हणजे भरत राहणं हा त्रास नाहीच, भरलेलं बसून राहणं हा आहे. लिथियमचा सेल पूर्ण भरला की त्याचा व्होल्टेज ४.२ च्या आसपास असतो, काही नव्या सेलचा त्याहून वर, आणि त्या ताणावर आतलं रसायन हळूहळू स्वतःलाच खातं. इलेक्ट्रोलाइट विघटित होतं, लिथियम अडकून पडतं, गॅस सुटतो, तोच फुगवतो. उष्णता असली की हे सगळं भराभर होतं. ढोबळ अंदाज असा देतात की ४० अंशाला वर्षभर पडून राहिलेला सेल ४० टक्के चार्जवर असेल तर ८५ टक्के क्षमता उरते, आणि १०० टक्क्यांवर असेल तर ६५. माझं कॅड चालू असलं की की-बोर्डच्या खालचा भाग हाताला लागेल एवढा तापायचा, त्यात कोल्हापूरचा एप्रिल आणि वर पत्र्याचं छप्पर. सायकल कमी असून उपयोग काय?

नवीन बॅटरी टाकली आणि रिपेअरवाल्यानं सांगितलं, बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बॅटरीच्या पानावर चार्ज लिमिट आहे, ८० कर. घरी येऊन केलं, सेव्ह केलं. दिवसभर चार्जर लावून काम केलं, संध्याकाळी बघतो तर १००! मी चिडून त्याला फोन केला, तर तो हसला. लिमिट फक्त ८० च्या वर चार्जिंग सुरू करू देत नाही, आधीच भरलेली बॅटरी ते खाली आणत नाही (काही मॉडेल आणतात, माझं नाही). पिन काढून ८० पर्यंत एकदा वापरायची, मग लावायची. तसं केलं, त्यानंतर आजपर्यंत ८० वरच आहे.

हे काम विंडोज करत नाही. मदरबोर्डवर एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी चिप असते, चार्जिंग चालू-बंद करायचा हुकूम तीच देते. म्हणून लॅपटॉप शटडाऊन करून चार्जिंगला लावला तरी माझा ८० लाच थांबतो. ८० ला सेलचा व्होल्टेज ४.० च्या आसपास बसतो, फरक फक्त ०.२ चा दिसतो, पण झीज मंदावायला तो पुरतो. मंदावतेच म्हटलं, थांबत नाही, आणि गेलेली क्षमता परत येत नाही. फुगलेल्या बॅटरीला तर लिमिट लावून काहीच होत नाही.

लोक म्हणतात, "अरे पण २० टक्के फुकट घालवलेस की!" हिशेब केला. ५६,०२० चे ८० टक्के म्हणजे ४४,८१६, म्हणजे माझ्या जुन्या पूर्ण भरलेल्या बॅटरीपेक्षा जास्त. माझं कॅड साधारण ३० वॅट खातं, म्हणजे लाईट गेल्यावर दीड तास मिळतो. पूर्ण भरली असती तर पावणेदोन तासांच्या थोडं वर. मेंटेनन्ससाठी दिवसभर लाईट जाणार असा मेसेज आदल्या दिवशी येतो, त्या रात्री लिमिट काढतो, दुसऱ्या दिवशी परत लावतो.

एक गोम मात्र मला उशिरा कळली. पाच महिने ८० च्या वर गेलोच नाही, आणि ऐन पावसात लाईट गेली तेव्हा ३१ टक्के दाखवत असताना लॅपटॉप धाडकन बंद पडला, अर्धं ड्रॉइंग गेलं. टक्केवारी मोजणारी चिप आत-बाहेर जाणारा चार्ज मोजून अंदाज बांधते, आणि पूर्ण भरणं किंवा जवळपास रिकामं होणं दिसलं की तो अंदाज दुरुस्त करते. मी तिला यातलं काहीच दाखवलं नव्हतं. आता दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी लिमिट काढून १०० करतो, ८-१० टक्क्यांपर्यंत उतरवतो, परत १०० करतो आणि मग लिमिट लावून थोडा वेळ बॅटरीवर चालवून ८० ला आणतो. पहिल्यांदा केल्यावर रिपोर्टमधला FULL CHARGE CAPACITY चा आकडा हजारभर खाली सरकला, म्हणजे आधीचा फुगवून सांगितलेला होता. ड्रॉइंग मात्र परत काढावं लागलं, आणि पार्टीनं उशीर झाला म्हणून शंभर गोष्टी ऐकवल्या.