कानाने जोड्या लावायच्या होत्या
आज अंगणवाडीत आवाजाच्या जोड्या खेळलो. पाण्याच्या सहा छोट्या रिकाम्या बाटल्या, दोनात तांदूळ, दोनात राजमा, दोनात वाळू, पोरांनी हलवून सारखा आवाज शोधायचा. सगळ्यांनी पटापट जुळवलं, मी खूश, मग लक्षात आलं की पोरं ऐकतच नव्हती, आरपार दिसतंय म्हणून बघून जोड्या लावत होती! जुना पेपर गुंडाळून चिकटवला तेव्हा कुठे बाटली कानाशी गेली. तरी तांदळाची जोडी कोणालाच जुळेना, उघडून बघितलं तर एकीत दोन चमचे आणि दुसरी जवळपास काठोकाठ, दाण्यांना हलायला जागाच नाही मग वाजणार काय. दोन्हीत मोजून दोन-दोन चमचे घातले आणि चार वर्षांच्या एका पोरीने डोळे मिटून जोडी काढली, इतकं भारी वाटलं! झाकणं मात्र पक्की बंद केलीत, राजम्याचा दाणा लहानग्यांच्या नाकात-घशात अडकू शकतो.