टॅम्पॉन आत राहिला होता आणि मला अकरा दिवस पत्ताच नव्हता

आधीच सांगते, हे जेवताना वाचू नका.

आम्ही सहा जणी तारकर्लीला गेलो होतो आणि नेमका माझ्या पाळीचा चौथा दिवस. एरवी मी पॅडच वापरते पण पाण्यात उतरायचं म्हटल्यावर टॅम्पॉन घेतले होते, ते आपल्याकडे मिळतात तसे, बिनाअ‍ॅप्लिकेटरचे, बोटाने सरकवायचे. सकाळी होमस्टेवर एक घातला. मग स्नॉर्कलिंगच्या आधी त्या पत्र्याच्या चेंजिंग रूममध्ये, बाहेर बोटवाला "चला चला ताई, भरती येतेय" म्हणून ओरडतोय, तिथे घाईघाईत दुसरा घातला. पहिला काढला का? माझ्या डोक्यात तेव्हा पक्कं होतं की काढला. संध्याकाळी एक काढला, पाळी जवळपास संपलेलीच होती, विषय संपला.

पुण्याला परत आल्यावर पाच-सहा दिवसांनी वास यायला लागला. पहिल्यांदा मला वाटलं बाथरूमच्या जाळीत काहीतरी अडकलंय, मी ती जाळी काढून फिनेल ओतलं. मग ऑफिसमध्ये खुर्चीवरून उठताना तोच वास आला आणि पोटात गोळा आला, कारण तो माझाच होता. नेहमीचा पाळीनंतरचा वास नाही हा, उंदीर मरून सोफ्याखाली राहिला की चौथ्या दिवशी येतो ना, तो. अंगावरून करडं-तपकिरी पाणी जात होतं, थोडं पातळ, मधेच गुलाबीसर. खाज अजिबात नव्हती, जळजळ नव्हती, ताप नव्हता. फक्त वास. दिवसातून तीनदा अंघोळ केली तरी अर्ध्या तासात परत. मी मीटिंगला कोपऱ्यात बसायला लागले, रिक्षात बसले की आधी दोन्ही बाजूचे पडदे वर करायचे.

ऑफिसजवळच्या एका डॉक्टरांकडे गेले. "अंगावरून जातंय, वास येतोय" एवढंच सांगितलं, टॅम्पॉनचा ट पण काढला नाही कारण मला तो आठवलाच नव्हता. त्यांनी विचारलं लग्न झालंय का, मी नाही म्हटलं, मग म्हणाल्या आतून तपासायला नको, गोळ्या देते. ते चार गोळ्यांचं किट असतं ना, मेडिकलवाला पण चिठ्ठीशिवाय सहज देऊन टाकतो, ते. घेतलं. आणि गंमत म्हणजे वास कमी झाला! दोन दिवस मी खूश. तिसऱ्या दिवशी परत सुरू, आणि आधीपेक्षा वाईट.

हे का झालं ते मला नंतर कळलं आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. आत अडकलेला कापूस म्हणजे रक्त शोषलेला बोळा, त्यात ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू मजेत राहतात आणि वास त्यांचाच. गोळीने बाहेरचे जंतू थोडे मरतात म्हणून दोन दिवस बरं वाटतं, पण बोळ्याच्या आतपर्यंत औषध नीट पोचत नाही, बोळा तिथेच, म्हणून परत तेच. म्हणजे औषधाने कमी होऊन पुन्हा उसळलेला असा कुजका वास असेल तर गोळ्या बदलत बसू नका, कोणीतरी आत डोकावून बघायला पाहिजे. मी अजून दोन दिवस इंटरनेटवर दही खाऊ का काय करू वाचत घालवले. मूर्खपणा.

आठवलं कसं, तर बीचवाली बॅग धुवायला काढली. आतल्या चेनच्या कप्प्यात वाळू, एक फुटका शिंपला आणि टॅम्पॉनची दोन प्लॅस्टिकची वेष्टनं. दोन. आणि मी तर संध्याकाळी एकच काढला होता. मी तशीच बाथरूमच्या फरशीवर बसले, पाय कापत होते अक्षरशः. पहिला विचार काय आला तर तो वर पोटात गेला असेल. तसं होत नाही. वर गर्भपिशवीचं तोंड असतं आणि त्याचं भोक इतकं बारीक की टॅम्पॉन त्यातून जाऊच शकत नाही, योनीमार्ग वरच्या टोकाला बंदच आहे असं समजा. दुसरा घालताना पहिला वर ढकलला जातो, आडवा होतो आणि पिशवीच्या तोंडाच्या मागच्या खोबणीत जाऊन बसतो, दोरी पण बरोबर ओढली जाते त्यामुळे बाहेर काही दिसत नाही.

रात्रीचे साडेदहा. आधी ताप मोजला, नव्हता. मग स्वतः काढून बघायचं ठरवलं. नखं कापली, हात साबणाने धुतले, उकिडवी बसले (कमोडवर बसून नाही जमत, इंडियन टॉयलेटची पोझिशन बरी), शौचाला जोर लावतो तसा हळू जोर लावला आणि एक बोट आत फिरवलं. नाकाच्या शेंड्यासारखं काहीतरी टणक लागलं, घाबरू नका ते पिशवीचं तोंड असतं, ते ओढायचं नसतं. त्याच्या मागे ओल्या चिंधीसारखं काहीतरी बोटाच्या टोकाला लागलं आणि सटकलं. परत लागलं, परत सटकलं. दहा मिनिटांनी सोडून दिलं. रूममेट दाराबाहेरून "चिमटा देऊ का?" म्हणाली, बिचारी मदतच करत होती, पण चिमटा, पक्कड, काहीही आत घालायचं नाही, न दिसणाऱ्या जागी नाजूक कातडीला जखम होते. आणि शॉवरने आत पाणी मारणं पण नाही, मला तो मोह झाला होता. जमलं नाही तर थांबायचं, सकाळ होते.

सकाळी दुसऱ्या एका गायनॅककडे फोन केला आणि यावेळी रिसेप्शनवालीला सरळ सांगितलं, टॅम्पॉन आत राहिलाय, अकरा दिवस झालेत. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "लगेच या, अपॉइंटमेंट नको." त्या एका वाक्याने जे काम झालं ते आधीच्या वीस मिनिटांच्या लाजत बोलण्याने नव्हतं झालं.

डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या, चष्मा नाकावर. आधी ताप, नाडी, बीपी बघितलं. मग विचारलं, "उलट्या, जुलाब, चक्कर, अंगावर लाल पुरळ?" सगळं नाही. "ओटीपोटात दुखतं का?" थोडं जड वाटत होतं फक्त. लग्नाचं विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, "याआधी कधी आतून तपासणी झालीय का? नाही ना, मग लहान साईझचं घेते, दुखलं तर सांग, थांबेन."

टेबलावर झोपले, आतली जागा उघडून बघायचं ते स्पेक्युलम गार लागतं, ताण येतो, पण दुखलं असं नाही म्हणणार मी. "हां, दिसला," म्हणाल्या. नर्सने आधीच झाकणाच्या बरणीत पाणी भरून जवळ धरलं होतं, मला कळेना कशाला. लांब चिमट्याने पकडून ओढला आणि एका झटक्यात बरणीत, झाकण बंद. तेवढ्या दोन सेकंदात खोलीत जे काय पसरलं ते मी लिहू शकत नाही. नर्सने न बोलता एक्झॉस्ट लावला. मी सॉरी सॉरी म्हणत होते तर मॅडम म्हणाल्या, "अगं, आम्हाला सवय आहे, म्हणून तर बरणी." झोपल्यापासून तो निघेपर्यंत चार मिनिटं पण झाली नसतील. अकरा दिवस वर्सेस चार मिनिटं.

मग परत आत बघितलं, कापसाचा तुकडा मागे राहिला नाही ना, दोन बोटांनी तपासून कुठे दाबल्यावर दुखत नाही ना ते बघितलं. मला नवीन अँटिबायोटिक दिलंच नाही. म्हणाल्या मूळच गेलं, एक-दोन दिवसांत वास आपोआप जाईल, आतून धुवायचं नाही, सुगंधी वॉश नाही. वास राहिला किंवा ताप आला, पोटात दुखलं तर परत ये. दुसऱ्या कोणाला इन्फेक्शन दिसलं तर गोळ्या देतात, ते तपासल्यावरच ठरतं.

मी विचारलं, अजून उशीर झाला असता तर? त्या म्हणाल्या बऱ्याच जणींना फक्त वासच होतो, पण इन्फेक्शन वर पिशवीकडे आणि नळ्यांकडे चढू शकतं. आणि दुसरी भीती म्हणजे टॉक्सिक शॉक. क्वचित होतं, पण झालं तर तासांचा खेळ असतो. एक विशिष्ट जंतू विष सोडतो ते रक्तात जातं. एकदम १०२ च्या वर ताप, उलट्या-जुलाब, उन्हाने भाजल्यासारखी लाल कातडी, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी. १९८० च्या आसपास अमेरिकेत जास्त शोषणाऱ्या टॅम्पॉनमुळे याच्या बऱ्याच केसेस झाल्या होत्या. "असं काही झालं तर माझ्या ओपीडीची वाट बघायची नाही," म्हणाल्या, "सहज निघत असेल तर टॅम्पॉन काढायचा आणि रात्र असो दिवस असो मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं, आणि दारातच सांगायचं टॅम्पॉन होता म्हणून, नाहीतर ते डेंग्यू शोधत बसतील." यात वास असेलच असं नाही, त्यामुळे वास नाही म्हणून निवांत राहायचं नाही.

निघताना त्यांनी अजून एक सांगितलं. अंग बाहेर येतं म्हणून आज्यांना रिंग बसवतात, ती बसवणारा डॉक्टर बदलतो, आजी विसरतात, सून-मुलीला माहीतच नसतं, आणि वर्षांनी घाण वास आणि रक्त म्हणून येतात. आणि लहान मुलींना वासाचं, रक्ताळलेलं पाणी जात असेल तर कागदाचा बोळा, मणी असं काहीतरी आत असू शकतं, तिथे घरी बोट घालायचं नाही, सरळ डॉक्टर. मी घरी येऊन आईला फोन करून आजीच्या रिंगचं विचारलं. आई म्हणाली "तुला काय पडलंय?" मग दोन मिनिटांनी तिचाच फोन, "अगं हो, बसवली होती, करोनाच्या आधी." आजीला पुढच्या आठवड्यात नेतायत.

माझा वास दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला. टॅम्पॉन मी अजून वापरते, पण आधी बोटाने दोरी शोधते, ओढते, मगच दुसरा फोडते, आणि आठ तासांच्या वर नाही.

बिलावर मॅडमनी "फॉरेन बॉडी रिमूव्हल" लिहिलं होतं. ते ऑफिसच्या ओपीडी क्लेमला लावलं तर एचआरचा मुलगा काळजीने विचारायला आला, "मॅम, डोळ्यात काही गेलं होतं का?" मी म्हटलं, हो ना, तारकर्लीची वाळू.