बिलाच्या ओळीवरून खर्चाचं खातं सुचवणारा क्लासिफायर: माझा अनुभव

काम ऐकायला सोपं होतं. पुरवठादाराच्या बिलातली प्रत्येक ओळ वाचायची आणि ती कोणत्या खर्चाच्या खात्यात जाईल ते सुचवायचं. मॉडेलला खात्री असेल ती ओळ सरळ पुढे जाईल, शंका असेल ती लेखा विभागातल्या माणसासमोर येईल. मॉडेल उभं करायला फार दिवस लागत नाहीत. वेळ जातो तो दोन प्रश्नांवर: जुन्या नोंदींतल्या कोणत्या उत्तरांवर विश्वास ठेवायचा, आणि मॉडेल ‘खात्री आहे’ म्हणतं तेव्हा ते कितपत खरं मानायचं.

मागच्या वर्षांच्या नोंदी हातात होत्या, त्यामुळे लेबलं आयती मिळाली असं वाटलं होतं. पण बरीच बिलं नोंदवताना ओळीओळीने फोडलेलीच नव्हती, अख्खं बिल एकाच खात्यात टाकलेलं होतं. एका बिलात कागदाची रिमं, फरशी पुसायचं द्रावण आणि चहापत्ती असेल, तर तिन्ही ओळींपुढे ‘लेखनसामग्री’ असंच दिसतं. असा डेटा शिकवला की फरशीचं द्रावण ही लेखनसामग्री आहे हे मॉडेल प्रामाणिकपणे शिकतं. हा दोष ओळखायची खूण सोपी आहे: पाच-सहा वेगवेगळ्या वस्तूंचं बिल आणि सगळ्या ओळींना एकच खातं. म्हणून ट्रेनिंगसाठी मी दोनच प्रकारची बिलं घेतली. एक म्हणजे फक्त एक ओळ असलेली, आणि दुसरी म्हणजे ज्यांत किमान दोन वेगळी खाती वापरली आहेत. दुसऱ्या प्रकारात कुणीतरी ओळी वाचून फोडल्याचा तो पुरावा असतो. डेटा निम्म्याहून कमी झाला, आणि तरी निकाल सुधारला.

त्यानंतर एकच वर्णन दोन वेगळ्या खात्यांत गेलेलं कुठे दिसतं ते काढलं. त्यातली सर्वांत जास्त वेळा येणारी दोनशे वर्णनं घेऊन लेखापालांसोबत बसलो. काही निव्वळ चुका होत्या, त्या दुरुस्त झाल्या. काही ठिकाणी मात्र दोन्ही उत्तरं बरोबर होती, कारण खातं वस्तूवरून ठरत नव्हतं, ती कोणत्या विभागाने मागवली यावरून ठरत होतं. अशा ओळी वर्णनावरून कधीच सुटणार नाहीत, त्या माणसाकडेच जाव्यात. ‘इतर खर्च’ हे खातं तर ट्रेनिंगमधून पूर्ण काढलं. त्यात जे पडलेलं असतं त्याला काही समान धागा नसतो. घाईच्या दिवशी जे सुचलं नाही ते तिथे गेलेलं असतं.

काही ओळी क्लासिफायरसमोर येऊच द्यायच्या नाहीत. वाहतूक, सूट, पूर्णांकन या ओळी बिलातल्या बाकीच्या वस्तूंच्या मागे जातात, त्यांना स्वतःचं खातं नसतं. नवं यंत्र आणण्याचं भाडं त्या यंत्राच्या किमतीतच धरलं जातं. एखादी वस्तू मालमत्ता मानायची की खर्च, हे ठरवताना संस्थेने घातलेली रकमेची मर्यादाही बघावी लागते, आणि रक्कम वर्णनात नसते. दरमहा एकाच पुरवठादाराकडून येणारं भाडं किंवा विजेचं बिल यांनाही पुरवठादारावरून लिहिलेला एक नियम पुरतो. नियम आधी आणि क्लासिफायर नंतर, हा क्रम ठेवला की मॉडेलपुढे खरोखर वाचण्याजोग्याच ओळी उरतात.

मजकूर साफ करताना दोन ठिकाणी घसरलो, आणि दोन्ही सांगण्यासारखी आहेत. पहिलं म्हणजे मी सगळे आकडे पुसून टाकले होते. बिल क्रमांक, अनुक्रमांक, तारखा यांचा कचरा जावा हा हेतू. त्यात `BATTERY 12V 7AH` आणि `BATTERY 12V 35AH` या दोन ओळी अगदी एकसारख्या झाल्या. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची बॅटरी बहुतेक वेळा लहान यूपीएससाठी असते, म्हणजे संगणक देखभाल. पस्तीसची बॅटरी लहान मोटारीतही बसते, म्हणजे वाहन देखभाल. फरक सांगणारी एकमेव गोष्ट आकड्यात होती आणि तीच मी खोडली होती. आता फक्त पाच किंवा जास्त अंकांची सलग रांग आणि तारखा काढतो. एककाला चिकटलेला आकडा तसाच ठेवतो.

दुसरी घसरण देवनागरीची होती, आणि ती कुठलाही इशारा देत नाही. scikit-learn मधला `TfidfVectorizer` शब्द तोडताना `\w` वापरतो. पायथनच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं नाहीत, त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो आणि एकट्या उरलेल्या अक्षराचा तुकडा टाकून दिला जातो. ‘कागद’चा उरतो ‘गद’. ‘शाई’चे दोन्ही तुकडे एकेका अक्षराचे, म्हणून तो शब्द पूर्ण नाहीसा होतो. मराठीत लिहिलेल्या ओळींचे निकाल वाईट येत होते, आणि कारण सापडलं ते `get_feature_names_out()` ने शब्दांची यादी छापून डोळ्यांनी वाचल्यावर. ही यादी एकदा वाचाच. उपाय म्हणून विरामचिन्हं आधीच काढायची आणि शब्द फक्त मोकळ्या जागेवर तोडायचे. जोडीला तीन ते पाच अक्षरांचे तुकडे घेतले, म्हणजे `CARTRIDGE`, `CARTRIDG` आणि `CRTRIDGE` एकमेकांच्या जवळ राहतात.

```python
words = TfidfVectorizer(token_pattern=r"\S+", ngram_range=(1, 2), min_df=2)
chars = TfidfVectorizer(analyzer="char_wb", ngram_range=(3, 5), min_df=3)
model = make_pipeline(make_union(words, chars),
                      LogisticRegression(C=5, max_iter=2000))
p = cross_val_predict(model, text, y, groups=vendor,
                      cv=GroupKFold(n_splits=5), method="predict_proba")
```

शेवटच्या दोन ओळी सगळ्यांत महत्त्वाच्या. डेटा सरसकट पिसून त्याचा पाचवा भाग परीक्षेला ठेवला, तर त्याच पुरवठादाराची, जवळपास त्याच शब्दांतली ओळ दोन्ही बाजूंना येते. मॉडेल पाठांतर करून उत्तीर्ण होतं आणि अचूकता डोळे दिपवणारी दिसते. `GroupKFold` ला पुरवठादार हा गट दिला की परीक्षेतले सगळे पुरवठादार मॉडेलला पूर्ण अनोळखी असतात. अचूकता बरीच खाली येते, पण खरी तीच, निदान नव्या पुरवठादारांपुरती. यात एक मेख आहे: एखाद्या खात्याचा सगळा डेटा एकाच पुरवठादाराचा असेल, तर ते खातं परीक्षेत कायम चुकतं, कारण शिकताना ते दिसलेलंच नसतं. पाचपेक्षा कमी पुरवठादार असलेली खाती मी मॉडेलमध्ये घेतली नाहीत. त्यांच्यासाठी नियम किंवा माणूस.

आता शंकेची रेषा. ‘नव्वद टक्के खात्री असेल तर जाऊ द्या’ असं सुरुवातीला सगळेच म्हणतात, पण नव्वदच का याला उत्तर नसतं. ते वेळेतून काढता येतं. एक ओळ तपासायला माणसाला वीस सेकंद लागतात असं धरा. चुकीची ओळ पुढे गेली, तर महिन्याअखेर शोधून नोंद उलटवायला दहा मिनिटं, म्हणजे सहाशे सेकंद लागतात. वीस भागिले सहाशे म्हणजे तीसात एक. चुकण्याची शक्यता तीसात एकपेक्षा कमी असेल तरच ओळ आपोआप सोडणं परवडतं, रेषा ०.९० वर नाही, ०.९६७ च्या आसपास पडते. मालमत्तेच्या खात्यातली चूक सोडवायला तासभर जात असेल, तर हेच गणित एकशे ऐंशीत एकवर जातं, आणि व्यवहारात त्याचा अर्थ असा की त्या खात्याच्या सगळ्या ओळी माणसानेच बघाव्यात. म्हणून रेषा प्रत्येक खात्याची वेगळी ठेवली.

पण मॉडेलने सांगितलेलं ०.९६७ हे खरोखर तितकं असतं का? वरच्या `p` मधून ते तपासता येतं. मॉडेलने ०.९७ किंवा जास्त दिलेल्या ओळी काढायच्या आणि त्यांत किती बरोबर आल्या ते मोजायचं. तीसात एकोणतीस बरोबर येत नसतील, तर ते येईपर्यंत रेषा वर सरकवायची. माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये हे आकडे पार बिनसलेले होते, कारण लहान खात्यांना न्याय मिळावा म्हणून `class_weight="balanced"` लावलं होतं. त्याने लहान खाती मुद्दाम वर उचलली जातात आणि संभाव्यता प्रत्यक्ष प्रमाणाशी जुळत नाही. ते काढल्यावर आकडे ताळ्यावर आले.

तपासणीच्या पडद्यावर आधी मॉडेलचं उत्तर भरूनच दाखवत होतो, आणि माणूस फक्त ‘ठीक’ दाबत होता. शंकेच्या ओळी तपासणाऱ्याने क्वचितच बदलल्या, तर तपासणी होत नाही असं समजावं. या ओळी मॉडेलला स्वतःलाच खात्री नसलेल्या असतात, त्यांत बदल व्हायलाच हवेत. आता तीन पर्याय दिसतात, एकही आधी निवडलेला नसतो, आणि शेजारी त्याच बिलातल्या इतर ओळी असतात. बॅटरीच्या ओळीपाशी शेजारच्या ओळीत ‘वायपर ब्लेड’ दिसलं की प्रश्न मिटतो. चौथं बटण ‘माहिती अपुरी’ असं आहे. ते नव्हतं तेव्हा गोंधळलेल्या ओळी पुन्हा ‘इतर खर्च’मध्ये जमू लागल्या होत्या.

आपोआप सुटलेल्या ओळींतल्याही काही रोज यादृच्छिक निवडून, मॉडेलचं उत्तर न दाखवता, माणसाकडे पाठवतो. नाहीतर मॉडेल खात्रीने चुकतं तिथे कुणाची नजरच जात नाही. ही संख्या फार कमी ठेवून चालत नाही. शंभर ओळी तपासल्या आणि एकही चूक सापडली नाही, तरी खरा चुकीचा दर तीन टक्क्यांपर्यंत असू शकतो. तीनशे निर्दोष निघाल्या तर एक टक्क्यापर्यंत. माझी रेषाच ३.३ टक्क्यांची होती, म्हणून तीनशेच्या खाली काही ठरवायचं नाही असं पाळलं. पुन्हा शिकवताना फक्त माणसाने पाहिलेली उत्तरं घेतो. मॉडेलने स्वतः सोडलेल्या ओळी लेबल म्हणून परत दिल्या, तर त्याची चूक त्याच्याच साक्षीने पक्की होत जाते.

लेखा विभागाने मध्येच नवं खातं उघडलं, की मात्र ही सगळी व्यवस्था गप्प राहते. ‘क्लाउड सेवा’ हे खातं उघडलं तेव्हा मॉडेल त्या ओळी ‘सॉफ्टवेअर परवाने’मध्ये पूर्ण खात्रीने टाकत राहिलं, कारण त्याच्या लेखी दुसरा पर्यायच अस्तित्वात नव्हता. आता नवं खातं उघडताना ते कोणत्या जुन्या खात्यातून वेगळं काढलं हे नोंदवणं बंधनकारक आहे. ती नोंद झाली की त्या जुन्या खात्याची शंकेची रेषा एकवर जाते, म्हणजे त्याच्या सगळ्या ओळी माणसाकडे येतात, आणि नव्या खात्यात किमान पाच पुरवठादारांच्या पन्नास ओळी जमून मॉडेल पुन्हा शिकवलं जाईपर्यंत ती तिथेच राहते.